वर्ग पाचाचा की उणे पाचाचा?

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांच्या प्रकरणात विवेचक भेटतो. त्याचे सूत्र b² − 4ac. ही किंमत धन आली तर समीकरणाला दोन वेगवेगळी वास्तव मुळे असतात, शून्य आली तर दोन्ही मुळे सारखी असतात आणि ऋण आली तर वास्तव मूळच नसते. आता x² − 5x + 6 = 0 हे साधे समीकरण घ्या. इथे a = 1, b = −5 आणि c = 6. सूत्रात b काढून त्याच्या जागी −5 ठेवायचे, एवढेच काम. पुष्कळ वह्यांमध्ये ते असे केलेले दिसते:

−5² − 4 × 1 × 6 = −25 − 24 = −49

आणि त्याखाली निष्कर्ष लिहिलेला असतो की या समीकरणाला वास्तव मुळे नाहीत. खरे तर मुळे आहेत, आणि ती तोंडी सांगता येतील अशी आहेत: 2 आणि 3. समीकरणात 2 घालून पाहा: 4 − 10 + 6 म्हणजे शून्य. 3 घाला: 9 − 15 + 6, हेही शून्य. विवेचकाची खरी किंमत (−5)² − 24, म्हणजे 25 − 24, म्हणजे 1 आहे. एक कंस राहिला आणि दोन मुळे असलेल्या समीकरणाची मुळेच नाहीशी झाली.

अशा उत्तरावर लाल शाईने बहुतेक वेळा लिहिले जाते, "ऋण संख्येचा वर्ग धन असतो." वाक्य खरे आहे, पण ते चुकीच्या जागी बोट ठेवते. मुलाने लिहिलेली ओळ पुन्हा वाचा. −5² ची किंमत −25 च असते. म्हणजे जे कागदावर आहे त्याचे गणित मुलाने बिनचूक केले आहे. चूक त्याच्या आधी झाली, सूत्रातले b काढून त्या जागी −5 ठेवताना. तिथे कंस हवा होता. शेरा वाचून तो मुलगा भलतेच शिकतो. पुढच्या वेळी तो −5² = 25 असे लिहितो, उत्तर जुळते, गुण मिळतात, आणि एक खरीखुरी चूक त्याच्या हातात कायमची बसते. ती पुढे −x² चा आलेख काढताना किंवा एखादे सूत्र संगणकावर चढवताना वर येते, आणि तेव्हा ती कुठून आली हे शोधणे फार अवघड असते.

म्हणून मुळाशी जाऊन पाहू. घातांक नेमका कोणाला लागू होतो?

2³ असे लिहिले की 2 हा पाया, 3 हा घातांक, आणि अर्थ 2 × 2 × 2. घातांकाची पकड आखूड असते. त्याच्या लगेच डावीकडे जे एक असेल तेवढेच तो धरतो: एक संख्या, एक अक्षर, किंवा बंद झालेला एक कंस. 3x² मध्ये वर्ग फक्त x चा होतो, तीनचा होत नाही. x = 4 असेल तर 3x² म्हणजे 3 × 16 = 48, आणि तीनलाही वर्गात घ्यायचे असेल तर (3x)² लिहावे लागते, ज्याची किंमत 144 येते. हे बहुतेकांना मान्य असते. −2² मध्ये हाच नियम आहे. घातांकाच्या लगेच डावीकडे 2 आहे, उणे चिन्ह त्याच्या पलीकडे आहे. म्हणून आधी 2 × 2 = 4, आणि मग त्याच्यापुढे उणे: −4. याउलट (−2)² मध्ये घातांकाच्या लगेच डावीकडे बंद होणारा कंस आहे, त्यामुळे कंसातले सगळे, चिन्हासकट, पाया ठरते: (−2) × (−2) = 4.

−2² हे −1 × 2² असे वाचले की गोंधळ राहत नाही. 3x² मध्ये जसा 3 हा सहगुणक आहे, तसा इथे −1 हा सहगुणक आहे. तो लिहिताना आपण एक गाळतो आणि चिन्ह तेवढे ठेवतो. दुसरी पडताळणी त्याहून सोपी आहे: पुढे शून्य लिहा. 0 − 2² चे उत्तर −4 याबद्दल कोणाचेही दुमत नसते, आणि शून्य पुढे लिहिल्याने कोणत्याही राशीची किंमत बदलत नाही.

कंस घातला म्हणजे काम झाले असेही नाही. तो कुठे बंद होतो हे महत्त्वाचे. (−2²) मध्ये कंस आहे, पण घातांक त्याच्या आत राहिला आहे. आत 2 चा वर्ग होतो, त्याला उणे लागते, आणि उत्तर −4 च येते. चिन्ह पायात घ्यायचे असेल तर कंस घातांकाच्या आधी मिटला पाहिजे.

शाळेत क्रियांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी आपण सगळे एक शब्द पाठ करतो: कंचेभागुबेव. आधी कंस, मग "चे", म्हणजे अमक्याचे अमुक पट किंवा अमुक भाग, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी. शब्द छान आहे, जिभेवर बसतो, आणि पाचवी-सहावीच्या गणितांना पुरतोही. पण −2² चा निर्णय करायला त्याचा उपयोग होत नाही, कारण त्यात घात नाही. घातांक शिकेपर्यंत हा शब्द आधीच पक्का झालेला असतो, आणि नव्या क्रियेसाठी त्यात जागा करायचे राहून जाते. घाताची जागा कंसानंतर लगेच, गुणाकार-भागाकाराच्या आधी आहे, हे वेगळे सांगावे लागते.

त्यात आणखी एक अडचण आहे. शेवटचा "व" वजाबाकीचा आहे, आणि वजाबाकीला दोन संख्या लागतात: कशातून तरी काहीतरी वजा करायचे. −2² मध्ये उण्याच्या आधी काहीच नाही. इथे ते चिन्ह "विरुद्ध संख्या घ्या" एवढेच सांगते. ही एका संख्येवरची क्रिया आहे, आणि तिचे नाव कंचेभागुबेव मध्ये कुठेच नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की हे चिन्ह म्हणजे क्रिया नव्हेच, ते संख्येच्या अंगालाच चिकटलेले आहे. आणि मग उणे दोनचा वर्ग चार, हे उत्तर त्याला अगदी नैसर्गिक वाटते. संख्यारेषेवर −2 हा एक बिंदू आहे हे त्याने आधीच शिकलेले असते, तेव्हा त्याचे चूक असे म्हणता येत नाही. लिहिलेल्या पदावलीत मात्र ते चिन्ह क्रियेचे काम करते आणि त्याचा क्रम घाताच्या नंतरचा आहे.

हा क्रम असाच का? कोणी तरी ठरवले म्हणून, एवढ्यावर समाधान मानायची गरज नाही. त्याला भक्कम कारण आहे, आणि ते एका उदाहरणात दिसते.

7 − x² ही पदावली घ्या आणि x = 3 ठेवा. 7 − 9 = −2. इथे वाद नाही. उणे मध्यभागी असले की ते वर्गात जात नाही हे प्रत्येक जण मानतो. आता बेरजेत पदांची जागा बदलली तरी किंमत बदलत नाही, हा बीजगणिताचा पाया आहे. म्हणून 7 − x² हेच −x² + 7 असेही लिहिता आले पाहिजे. पुन्हा x = 3 ठेवा. आधी वर्ग, मग उणे, असे वाचले तर −9 + 7 = −2. जुळले. पण सुरुवातीच्या उण्याला वर्गात ओढले तर 9 + 7 = 16 येते. पदे तीच, फक्त पुढेमागे केलेली, आणि उत्तरे दोन. असे झाले तर समीकरणाच्या एका बाजूचे पद दुसऱ्या बाजूला नेताना दर वेळी ते पहिले आले की मधे हे बघावे लागेल, आणि बीजगणितातली कोणतीही मांडणी भरवशाची राहणार नाही. म्हणून उणे पहिले असो की मधे, त्याचा क्रम एकच ठेवणे भाग आहे.

दुसरे कारण तितकेच पटणारे आहे. समजा −x² चा अर्थ (−x)² असा धरला. x ची किंमत काहीही असो, (−x)² आणि x² सारखेच असतात. म्हणजे त्या चिन्हाने काहीच केले नाही. ते लिहायचे कशाला? आणि खरोखर ऋण असलेले पद लिहायला मात्र दर वेळी −(x²) असा कंस घालावा लागेल. ऋण सहगुणकांची पदे बीजगणितात जागोजागी येतात. रोज लागणारी गोष्ट कंसाशिवाय लिहिता यावी आणि क्वचित लागणारीला कंस पडावा, ही सोय शहाणपणाची आहे.

आपल्याकडच्या जुन्या गणितात हा घोळ होण्याला वावच नव्हता, आणि ते का हे पाहण्यासारखे आहे. ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात स्पष्ट दिले: ऋण गुणिले ऋण धन. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात पुढचे पाऊल मांडले. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धन. म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळे, एक धन आणि एक ऋण. आणि ऋण संख्या कशाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची नोंद आहे, तेव्हा हे गणित खानदेशात रीतसर शिकवले जात होते. त्या परंपरेत अज्ञात राशीला "यावत्तावत्" म्हणत आणि थोडक्यात "या" लिहीत. तिच्या वर्गासाठी "याव". सहगुणक त्यानंतर लिहीत, आणि तो ऋण असेल तर त्या सहगुणकाच्या डोक्यावर एक ठिपका देत. आज आपण −x² लिहितो ते तिथे "याव", पुढे १ आणि त्या १ वर ठिपका, असे होई. वर्ग राशीचा आहे आणि ऋणत्व सहगुणकाचे आहे, हे नुसत्या नजरेला दिसे. गाळलेला −1 तिथे गाळला जातच नव्हता.

आजची लिपी दोन वेगळ्या काळांतून जुळून आली. + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात प्रथम दिसतात ती १४८९ साली, लाइपझिगला छापलेल्या योहानेस विडमान यांच्या व्यापारी गणितात. घातांक वर उजवीकडे लहान आकड्यात लिहायची रीत रेने देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथाने रुळली. एक चिन्ह डावीकडून आले, दुसरे उजवीकडून, आणि मधला आकडा कोणाचा हे ठरवायला क्रमाचा नियम लागला.

ही चूक इतकी टिकून राहते याचे एक कारण असे की अर्ध्या वेळा ती दिसतच नाही. घातांक विषम असला की दोन्ही लेखनांची किंमत एकच येते. (−2)³ म्हणजे (−2) × (−2) × (−2) = −8, आणि −2³ म्हणजे −(8), तेही −8. पाचव्या, सातव्या घातालाही तसेच. घनाची दहा गणिते कंसाशिवाय करून सगळी बरोबर आली की कंस अनावश्यक आहे अशी समजूत होते, आणि सम घात आला की ती अंगावर येते: (−2)⁴ = 16, पण −2⁴ = −16. शून्य घाताला तर फरक आणखी अनपेक्षित वाटतो. (−7)⁰ = 1, पण −7⁰ = −1, कारण आधी 7⁰ चा 1 होतो आणि मग उणे लागते. तसेच घातांक अर्धा असेल, म्हणजे वर्गमूळ काढायचे असेल, तर −4 चे वर्गमूळ वास्तव संख्यांत नाहीच, हे भास्कराचार्यांचेच म्हणणे. पण कंसाविना −4^(1/2) लिहिले तर 4 चे मूळ 2, त्याला उणे, म्हणून −2, हे अगदी वैध उत्तर आहे.

वर्गात गणित तोंडी सांगितले जाते तेव्हाही जपावे लागते. "उणे पाचचा वर्ग" हे ऐकून दोन्ही अर्थ घेता येतात. फळ्यावर न लिहिता सांगायचे असेल तर "कंसात उणे पाच, कंसाचा वर्ग" किंवा "पाचच्या वर्गाची विरुद्ध संख्या" असे म्हणणारे शिक्षक मुलांचा पुढचा बराच त्रास वाचवतात.

आता यंत्रांकडे वळू, कारण आज या चुकीचा मोठा भाग तिथे घडतो. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर, जसे आपल्याकडचे विद्यार्थी वापरतात ते कॅसिओचे, उण्याची कळ, मग 2, मग वर्गाची कळ दाबली तर −4 येते. यंत्र पूर्ण ओळ वाचते आणि नियमाप्रमाणे आधी वर्ग करते. ऋण संख्येचा वर्ग हवा असेल तर कंस घाला, अशी सूचना त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. संगणकावरच्या विंडोज कॅल्क्युलेटरमध्ये मात्र आधी 2, मग चिन्ह बदलायची +/− ही कळ, मग वर्गाची कळ दाबली की 4 येते. इथे प्रत्येक कळ पडद्यावर त्या क्षणी असलेल्या संख्येवर काम करते. वर्गाची कळ दाबली तेव्हा पडद्यावर −2 होते, म्हणून त्याचाच वर्ग झाला. दोन्ही यंत्रे बरोबर आहेत. आपण त्यांना दोन वेगळे प्रश्न विचारले.

पायथन ही संगणकभाषा पुस्तकातला नियमच पाळते. तिच्यात घातासाठी दोन फुल्या लिहितात:

```
>>> -2**2
-4
>>> (-2)**2
4
>>> x = -2
>>> x**2
4
```

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. x मध्ये −2 ही अख्खी संख्या साठवली आहे, म्हणून x चा वर्ग 4. अक्षर हे स्वतःच एका बंद कंसासारखे असते. त्याच्या जागी आकडा लिहिताना तो कंस उघडपणे लिहावा लागतो. विवेचकाच्या गणितात नेमका तोच राहिला होता. जावास्क्रिप्ट या भाषेने तर `-2**2` हे लेखनच नाकारले आहे. कंस घातल्याशिवाय ती पुढे जात नाही, चूक दाखवून थांबते. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. जिथे वाचणारा गोंधळू शकतो तिथे लिहिणाऱ्याकडूनच खुलासा मागितलेला बरा.

एक्सेल मात्र उलट वागते. एखाद्या सेलमध्ये ही सूत्रे टाकून पाहा. उजवीकडे येणारे उत्तर दिले आहे:

```
=-2^2       4
=0-2^2     -4
=5-2^2      1
=-2^2+5     9
```

एक्सेलच्या क्रमात सुरुवातीचे उणे घाताच्याही आधी लागते. हा दोष नकळत राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत माहितीत क्रियांच्या यादीत ऋणचिन्ह घाताच्या वर दिलेले आहे. पण मधले उणे, म्हणजे खरी वजाबाकी, तिथेही शेवटीच होते. परिणाम शेवटच्या दोन ओळींत दिसतो. 5 − 2² आणि −2² + 5 या एकाच राशीच्या दोन मांडण्या, आणि उत्तरे 1 आणि 9. पदे पुढेमागे केली तर किंमत बदलू नये हा जो बीजगणिताचा आधार आपण वर पाहिला, तो इथे मोडतो. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांनीही हाच क्रम ठेवला आहे. गंमत नव्हे, अडचण अशी की एक्सेलच्याच आत मॅक्रो लिहिण्याची व्हीबीए भाषा आहे, आणि तिच्यात -2^2 चे उत्तर −4 येते. म्हणजे एकाच फाइलमधल्या सेलचे आणि मॅक्रोचे उत्तर जुळत नाही.

याचा फटका कुठे बसतो ते एका खऱ्या सूत्रावर पाहू. संख्याशास्त्रातला प्रसामान्य वितरणाचा घंटेच्या आकाराचा वक्र e^(−x²/2) या राशीवर उभा आहे. मधे, x = 0 ला, तिची किंमत 1 असते आणि दोन्ही बाजूंना ती झपाट्याने कमी होत जाते. पुस्तकात पाहून कोणीही एक्सेलमध्ये हे असे लिहील:

```
=EXP(-A1^2/2)
```

A1 मध्ये 0 टाकून पाहिले तर 1 येते, आणि माणूस निर्धास्त होतो. शून्याला मात्र चिन्हाचा फरकच पडत नाही, म्हणून ही चाचणी निरुपयोगी आहे. 1 टाका. खरी किंमत सुमारे 0.61 हवी, एक्सेल 1.65 देते. 2 ला 0.14 हवी, येते 7.39. 3 ला 0.01 हवी, येते 90. एक्सेलने −A1^2 ला (−A1)^2 मानले, त्यामुळे घातांकातले उणे नाहीसे झाले आणि उतरणारा वक्र आकाशाला जाऊन भिडला. आलेख काढला तर ही चूक लगेच लक्षात येते. पण ही किंमत पुढच्या पाच सूत्रांत वापरली गेली असेल आणि शेवटी फक्त एक बेरीज दिसत असेल, तर ती लपून राहू शकते. दुरुस्ती एका कंसाची आहे:

```
=EXP(-(A1^2)/2)
```

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण त्यामुळेच ही चूक कधी होते आणि कधी होत नाही. वर फेकलेल्या चेंडूची उंची −5t² + 20t अशी धरली आणि ती =-5*A1^2+20*A1 अशी लिहिली, तर एक्सेल बरोबर उत्तर देते. चार सेकंदांनी −80 + 80 = 0, चेंडू जमिनीवर. कारण इथे उणे पाचला लागते, आणि घात A1 चा होतो. दोघे वेगळे राहतात. सहगुणक 1 असला आणि तो आपण गाळला की मगच उणे थेट पायाला चिकटते. =-1*A1^2 लिहिले तरी काम होते, =0-A1^2 लिहिले तरी होते, आणि =-POWER(A1,2) लिहिले तरीही. म्हणूनच कितीतरी शीट्स वर्षानुवर्षे बरोबर चालतात आणि एखादे सूत्र बदलून सहगुणक काढला की बिघडतात. एक्सेलमधले सूत्र पायथनमध्ये नेताना, किंवा पायथनमधले एक्सेलमध्ये आणताना, उत्तर न जुळण्यामागचे हे एक ठरलेले कारण आहे.

चूक ओळखण्याची खूण मात्र सगळीकडे एकच आहे. वास्तव संख्येचा वर्ग कधीच ऋण नसतो, म्हणून प्रमाण विचलनाच्या तक्त्यातल्या वर्गांच्या स्तंभात किंवा विवेचकातल्या b² च्या जागी ऋण संख्या दिसली की कंस राहिला आहे. उलट, −x² कधीच धन नसते. त्या जागी धन संख्या दिसली की उणे कुठेतरी वर्गात गेले आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. उत्तरपत्रिकेत −5² = 25 असे दिसले आणि पुढचे उत्तर बरोबर आले, तरी त्या ओळीशी थांबा आणि लाल शाईने दोन कंस घाला. विवेचक −49 आला असेल तिथेही शेरा वर्गाबद्दल नको, b च्या जागी −5 लिहिताना राहिलेल्या कंसाबद्दल लिहा. आणि ज्यांच्या कामाच्या शीटमध्ये सूत्राच्या सुरुवातीला, किंवा कंस उघडल्याबरोबर, उणे आणि त्याला लागून घात आहे, त्यांनी आज त्या सेलमध्ये 0 सोडून दुसरी एखादी संख्या टाकावी आणि तेच उत्तर कागदावर काढून ताडून पाहावे.